‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ कसा समजवावा: उपमा सोपी ठेवूनही अभियंत्याला मान्य होईल असं लिहिण्याची पद्धत

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी तिथे पाणी 50 फुटांच्या वर गेलं. अशा पुरानंतर ‘हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द बातम्यांत, सभेत, कट्ट्यावर हमखास येतात, आणि ऐकणारा त्यातून दोनपैकी एक अर्थ काढतो. एकतर आपल्या हयातीत आता पुन्हा नाही, असं म्हणून तो निश्चिंत होतो. नाहीतर काही वर्षांत पुन्हा पाणी घरात शिरलं की तज्ज्ञांवरचा त्याचा विश्वास उडतो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, पण त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. एक तांत्रिक संज्ञा आपण त्याच्या हाती दिली आणि तिचा अर्थ सांगायचा राहून गेला.

माहितीपर लेखात अशी संज्ञा आली की उपमा द्यावी लागते. मात्र बहुतेक उपमा वाचकाला खूश करतात आणि जाणकाराला खटकतात. जाणकाराचं खटकणं किरकोळ समजू नये, कारण त्याला जे खटकतं तेच वाचकाला पुढे चुकीच्या निर्णयाकडे नेतं. म्हणून हा एकच शब्द घेऊन, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत काम कसं करायचं ते पाहू.

पहिली पायरी: तज्ज्ञाचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या

उपमा सुचायच्या आधी व्याख्या कागदावर हवी. जलसंपदा विभागातले अभियंते या संज्ञेला ‘रिटर्न पीरियड’ म्हणतात. तिचा नेमका अर्थ असा: एखाद्या ठिकाणी, नदीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या विसर्गाने एक ठरावीक आकडा गाठण्याची किंवा ओलांडण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी 1 टक्का असेल, तर त्या विसर्गाचा रिटर्न पीरियड 100 वर्षं. विसर्ग म्हणजे नदीतून एका सेकंदात वाहणारं पाणी.

आता यातला एकेक शब्द झाकून बघा आणि वाक्य खोटं होतं का ते तपासा. ‘एखाद्या ठिकाणी’ झाकलं, तर सांगलीचा आकडा कोल्हापूरला लागू झाल्यासारखा वाटतो. ‘कोणत्याही एका वर्षी’ झाकलं, तर पूर वेळापत्रक लावून येतो असं वाटायला लागतं. ‘किंवा ओलांडण्याची’ झाकलं, तर शंभर वर्षांचा पूर म्हणजे ठरलेल्या उंचीचा एकच पूर, असा समज होतो. वास्तविक तो एक उंबरठा आहे, आणि पाणी त्याच्या कितीही वर जाऊ शकतं. ‘विसर्ग’ झाकून तिथे ‘पातळी’ लिहिलं तर काय बिघडतं, ते पुढे येईलच. ‘वर्षातला सर्वांत मोठा’ हे शब्द मात्र झाकले तरी सामान्य वाचकाचं फारसं अडत नाही. एका पावसाळ्यात दोन पूर आले तर हिशोबात मोठा तेवढाच धरतात, एवढंच ते सांगतात.

या झाका-उघडीतून एक यादी तयार होते: कोणते शब्द लेखात कुठल्या ना कुठल्या रूपात यायलाच हवेत आणि कोणता सोडला तरी चालेल. इथे चार राहिले, एक गळला. ही यादी समोर ठेवूनच पुढचं सगळं लिहायचं. मी तर ती मसुद्याच्या वरच टाकून ठेवते आणि लेख पूर्ण झाल्यावरच पुसते.

दुसरी पायरी: नेमका कुठला गैरसमज मोडायचा आहे

एका उपमेकडून एकच काम करून घ्यावं. चारही शब्द तिच्या गळ्यात घातले की ती लंगडते. म्हणून आधी विचारा, की हा शब्द ऐकून वाचकाच्या डोक्यात कोणतं चित्र उभं राहतं?

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटलं की रांग डोळ्यांसमोर येते. यंदा पूर येऊन गेला, आता नंबर पुन्हा शेवटी. म्हणजे पुराला मागचं आठवतं, असं वाचक नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात या गणितात मागच्या वर्षी काय झालं याला किंमत नाही, कारण दर वर्षाचा हिशोब नव्याने सुरू होतो. आपल्याला मोडायचं आहे ते हे ‘आठवणी’चं चित्र. उपमेचं काम एवढंच. ठिकाण, उंबरठा आणि विसर्ग हे मुद्दे साध्या वाक्यांत सांगता येतात, त्यांना उपमेची गरज नाही.

तिसरी पायरी: दिसणं जुळतं की घडणं, ते तपासा

पटकन सुचणारी उपमा हाऊजीची असते. गणपतीत सगळ्यांनी खेळलेला खेळ, नशिबाचा मामला आणि कोणता आकडा निघेल ते आधी कळत नाही. वरवर पाहता फिट्ट बसते. पण हाऊजीत निघालेला आकडा परत पिशवीत जात नाही. एकदा निघाला की त्या डावापुरता संपला. म्हणजे जो गैरसमज आपल्याला मोडायचा आहे, नेमका तोच ही उपमा पक्का करते! वाचक मान डोलावतो आणि चुकीचं शिकून जातो. उपमा नापास झाल्याची खूण इथेच सापडते: ती ज्या नियमावर चालते तो नियम आणि मूळ गोष्टीचा नियम समोरासमोर मांडा. वस्तू, रंग, माहोल कितीही जुळले तरी नियम उलटा असेल तर ती टाकून द्यावी.

चिठ्ठ्यांच्या पिशवीचंच घ्या, फक्त चिठ्ठी परत टाकायची. पिशवीत 100 चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक लाल. दर वर्षी न बघता एक काढायची, रंग पाहायचा आणि ती परत पिशवीत टाकून पिशवी हलवायची. आता नियम जुळला. यंदा लाल निघाली म्हणून पुढच्या वर्षी पिशवीतून ती कमी होत नाही, आणि बरीच वर्षं निघाली नाही म्हणून तिची पाळी जवळ येत नाही.

लाल रंग मी मुद्दाम निवडला आहे. महाराष्ट्रात नदीकाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाच्या खालच्या भागात सांडव्यातून सोडायच्या पाण्याचाही हिशोब त्यात धरतात. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्यापासून लालपर्यंतचा नियंत्रित क्षेत्र. प्लॉट घेणाऱ्याला नकाशावर हे दोन रंग दिसतात, तेव्हा उपमेतही तेच रंग असले तर त्याला भाषांतर करत बसावं लागत नाही.

पण दोन रेषा एकाच पिशवीत बसवताना सावध राहावं. 25 वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता, म्हणून हात आपोआप लिहून जातो: 4 निळ्या, 1 लाल, 95 पांढऱ्या. हे चूक आहे. लाल रेषेपर्यंत पोचलेलं पाणी निळी रेषा ओलांडूनच गेलेलं असतं. म्हणजे निळी रेषा ओलांडण्याच्या 4 टक्क्यांत लालचा 1 टक्का आधीच धरलेला आहे. योग्य पिशवी अशी: 96 पांढऱ्या, 3 निळ्या, 1 लाल. निळी किंवा लाल यांपैकी काहीही निघालं तरी निळी रेषा ओलांडली, लाल निघाली तर दोन्ही. एका चिठ्ठीचा फरक आहे, पण अभियंता लेख वाचताना बोट ठेवेल ते इथेच. पहिल्या पायरीत ‘गाठण्याची किंवा ओलांडण्याची’ हे शब्द यादीत ठेवले नसते तर ही चूक आपल्याला दिसलीसुद्धा नसती.

चौथी पायरी: परिच्छेद लिहिताना क्रम पाळा

माझा क्रम ठरलेला आहे: आधी संज्ञा, मग उपमा, मग संज्ञेकडे परत आणि शेवटी आकडा. उपमेपासून सुरुवात केली तर वाचकाला ती कशासाठी चालली आहे ते कळत नाही. संज्ञेकडे परत आलो नाही तर त्याच्या लक्षात पिशवी राहते आणि पूररेषेच्या नकाशावर लिहिलेला शब्द अनोळखीच राहतो. लेखात एकदा ‘रिटर्न पीरियड’ म्हटलं की शेवटपर्यंत तेच म्हणावं. शाळेत एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये असं शिकवलेलं असतं, पण तांत्रिक संज्ञेला तो नियम लावला की वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

तयार परिच्छेद असा दिसेल:

> नकाशावरच्या लाल पूररेषेचा रिटर्न पीरियड 100 वर्षं आहे. समजा, पिशवीत 96 पांढऱ्या, 3 निळ्या आणि 1 लाल अशा 100 चिठ्ठ्या आहेत. दर वर्षी न बघता एक काढायची आणि रंग पाहून परत टाकायची. लाल निघाली तर त्या वर्षी नदीतून लाल रेषेच्या हिशोबाइतकं किंवा त्याहून जास्त पाणी वाहील. निळी निघाली तर निळी रेषा ओलांडली जाईल, पण पाणी लालपर्यंत जाणार नाही. यंदा लाल निघाली तरी पुढच्या वर्षी ती पिशवीत असतेच. 100 वर्षांचा रिटर्न पीरियड म्हणजे कोणत्याही एका वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात हा पूर निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के आहे.

पाचवी पायरी: उपमेतून आकडा काढा आणि पडताळा

चांगल्या उपमेतून खरं गणित निघालं पाहिजे. सजावटीच्या उपमेतून ते निघत नाही, म्हणून ही परीक्षा नेहमी घ्यावी. पिशवीच्या नियमाने 30 वर्षं चिठ्ठी काढली तर एकदाही लाल न निघण्याची शक्यता म्हणजे 0.99 तीस वेळा लिहून त्यांचा गुणाकार करणं. उरलेला भाग म्हणजे निदान एकदा तरी लाल निघण्याची शक्यता. जलशास्त्रातलं सूत्र हेच आहे. त्यात T म्हणजे रिटर्न पीरियड आणि n म्हणजे वर्षं:

```
1 - (1 - 1/T)^n

T = 100, n = 30   ->  0.26
T = 25,  n = 30   ->  0.71
T = 100, n = 100  ->  0.63
```

दुसरी ओळ बघा. निळ्या रेषेवर बांधलेल्या घरात 30 वर्षांत निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 71 टक्के. ‘25 वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून हा अंदाज कोणालाच येत नाही. तिसरी ओळ त्याहून बोलकी आहे: पूर्ण 100 वर्षं थांबलं तरी 100 वर्षांचा पूर येईलच असं नाही. तो एकदाही न येण्याची शक्यता 37 टक्के आणि दोन किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. सगळे आकडे लेखात भरू नका. वाचकाच्या आयुष्यात बसणारी मुदत निवडा, गृहकर्जाची किंवा घर टिकण्याची, आणि तिचाच आकडा द्या. तसंच ‘निदान एकदा’ हे शब्द कधीही गाळू नका, कारण त्यांच्याशिवाय 26 टक्के हा आकडा चुकीचा ठरतो.

सहावी पायरी: उपमा कुठे थांबते ते लेखातच सांगा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. उपमा कुठेतरी तुटणारच. प्रश्न एवढाच, की ती तुटण्याची जागा वाचकाला आपण दाखवायची की त्याला ठेच लागल्यावर कळू द्यायचं? सगळ्या जागा सांगितल्या तर लेख अटी-शर्तींचा कागद होतो. माझी कसोटी अशी: ही गोष्ट कळल्यावर वाचकाचा निर्णय बदलेल का? बदलणार असेल तर ती मजकुरात हवी, नसेल तर सोडून द्यावी. पिशवीच्या बाबतीत तीन गोष्टी या कसोटीला उतरतात.

पहिली: पिशवीत किती चिठ्ठ्या लाल आहेत ते आपल्याला माहीत असतं, नदीच्या बाबतीत कोणालाच माहीत नसतं. अभियंते मागच्या नोंदींवरून अंदाज बांधतात. समजा एका ठिकाणी 40 वर्षांच्या नोंदी आहेत. दर वर्षाचा सर्वांत मोठा विसर्ग घेऊन उतरत्या क्रमाने लावतात आणि एकूण वर्षांत एक मिळवून क्रमांकाने भागतात. पहिल्या क्रमांकाच्या पुराचा रिटर्न पीरियड येतो 41 भागिले 1, म्हणजे 41 वर्षं. 100 वर्षांचा पूर या नोंदींच्या पलीकडे आहे. तिथपर्यंत पोचायला संख्याशास्त्रातली एखादी वक्ररेषा पुढे वाढवावी लागते. एमिल गुंबेल यांनी 1941 साली पुराच्या रिटर्न पीरियडवर लिहिलं, आणि त्यांच्या नावाची पद्धत आजही वापरात आहे. पण 40 वर्षांच्या नोंदीत खरा 100 वर्षांचा पूर एकही नसण्याची शक्यता 67 टक्के आहे. म्हणजे बहुतेक वेळा आपण कधीच न पाहिलेल्या पुराचा आकार ठरवत असतो. लेखात यासाठी एक वाक्य पुरतं: ‘हा 1 टक्का उपलब्ध नोंदींवरून काढलेला अंदाज आहे आणि नव्या नोंदी आल्या की तो बदलू शकतो.’ पुढे खरंच आकडा सुधारला तर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरी: पिशवी वर्षानुवर्षं तीच राहते, नदीचं खोरं राहत नाही. वर धरण झालं, जंगल तुटलं, शहर पसरलं, पावसाची तऱ्हा बदलली, की जुन्या नोंदींवरून काढलेली शक्यता आजची राहत नाही. इथे लिहिणाऱ्याला मोह होतो की ‘कोणीतरी पिशवीत आणखी लाल चिठ्ठ्या टाकतंय’ असं लिहावं. लिहू नये. किती टाकल्या हे सांगता येत नसताना उपमा ताणली, तर वाचकाला ते मोजलेलं सत्य वाटतं. उपमा जिथे संपते तिथे ती बाजूला ठेवून सरळ वाक्यात लिहावं: हा हिशोब खोऱ्याची आणि पावसाची स्थिती बदलत नाही असं धरून केलेला आहे.

तिसरी: चिठ्ठी विसर्गाची आहे, पातळीची नाही. विसर्ग म्हणजे एका सेकंदात नदीतून किती घनफूट पाणी गेलं, ते क्युसेकमध्ये मोजतात. तेवढंच पाणी पात्रात भराव पडल्यावर, पुलाच्या भरावामुळे प्रवाह अडल्यावर किंवा काठावर भिंती उभ्या राहिल्यावर जास्त उंच चढतं. म्हणून रेषा आखल्यानंतर पात्र अरुंद झालं असेल, तर लाल चिठ्ठी न निघताही पाणी लाल रेषेशी येऊ शकतं. घर घेणाऱ्याला हे माहीत असणं फार गरजेचं आहे, आणि ‘विसर्ग’ऐवजी ‘पातळी’ लिहिणारा लेख नेमकं हेच त्याच्यापासून लपवतो.

सोडून देण्यासारख्याही गोष्टी असतात. लागोपाठची वर्षं एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात का, हा जाणकारांमधला खरा प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तराने प्लॉट घेणाऱ्याचा निर्णय बदलत नाही. तो सोडा.

सातवी पायरी: दोन माणसांना वाचायला द्या, प्रश्न मात्र वेगवेगळे विचारा

जाणकाराला ‘बरोबर आहे ना?’ असं विचारलं तर तो भिडेखातर हो म्हणेल. त्याऐवजी विचारा, ‘यातलं कुठलं वाक्य तुम्ही सही करून देणार नाही?’ मग तो वाक्यावर बोट ठेवतो. त्याने अट घालायला सांगितली तर ती उपमेच्या आत कोंबू नका, उपमा संपल्यावर वेगळ्या वाक्यात द्या.

सामान्य वाचकाला ‘कळलं का?’ विचारून काही हाती लागत नाही. लेखात उत्तर थेट न दिलेला प्रश्न विचारा: ‘या वर्षी लाल रेषेपर्यंत पाणी आलं. पुढच्या वर्षी येण्याची शक्यता किती?’ 1 टक्का म्हणाला तर उपमेने काम केलं. ‘आता कमी झाली’ म्हणाला तर त्याच्या मनात अजून हाऊजीच चालू आहे, आणि ‘परत टाकायची’ हे शब्द परिच्छेदात ठळक झालेले नाहीत. दुसरा प्रश्न: ‘लाल रेषेच्या बाहेरचं घर सुरक्षित आहे का?’ ‘हो’ असं उत्तर आलं तर ‘किंवा त्याहून जास्त’ हे शब्द त्याच्या नजरेतून निसटले आहेत, ते वाक्याच्या मध्यातून उचलून शेवटी आणा. आणि वाचक चिठ्ठ्यांविषयीच वाद घालायला लागला, पिशवी कोणाची, हलवतं कोण, तर उपमा लांबली आहे. तिची दोन वाक्यं कापा.

राहिला मथळा. तो बहुधा दुसरं कोणी देतं, आणि तिथे ‘शंभर वर्षांतला पूर’ हमखास परत येतो. मजकुरासोबत मथळ्यासाठी एक ओळ स्वतःच लिहून पाठवा, मोजून लहान, आकड्यासकट: ‘लाल रेषेवरचं घर: दर वर्षी 1 टक्का, 30 वर्षांत निदान एकदा पुराची शक्यता 26 टक्के’.